कारखान्याकडून अजून कळलेलं नाही

आमच्या दुकानात एक वाक्य आहे. ते कुणी भिंतीवर लिहिलेलं नाही, पण आमच्या मालकांच्या, अण्णांच्या, वडिलांच्या वेळेपासून चालत आलंय. गिऱ्हाईक विचारतं, "आमची ऑर्डर कुठवर आली?" आणि कारखान्याकडून काहीच कळलेलं नसतं, तेव्हा ते वाक्य म्हणायचं. "माल लूमवर आहे."

माल लूमवर आहे म्हणजे काय, तर काहीही. सूत रंगाऱ्याकडे वाळत पडलेलं असू शकतं. सूत आलंय पण ताण्याची बीम भरलेली नाही, असंही असू शकतं. टॉवेल विणून, कापून, शिवून, गठ्ठे बांधून दारात उभे असतील तरी ते लूमवरच असतात. सोलापुरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं, पण ते ऐकलं की त्याला जेवण गोड लागतं.

मी भुवनेश्वरी. नवी पेठेतल्या या टॉवेलच्या दुकानात माळ्यावर बसते आणि गिऱ्हाइकांना उत्तरं देते. पूर्वी फोनवर द्यायची, आता व्हॉट्सॲपवर देते. राजशेखर अण्णा खाली गादीवर बसतात. ते मालक, पण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, म्हणून मला ताई म्हणतात आणि मी त्यांना अण्णा म्हणते. आमचं रोज एकदा भांडण होतं. ज्या दिवशी होत नाही त्या दिवशी दोघांनाही बरं वाटत नाही. माझा स्वभाव तापट आहे असं मी राहते ती अख्खी शुक्रवार पेठ सांगेल. मी तापट नाही. लोक चुकीचं बोलतात, त्याला मी काय करू?

ही गोष्ट गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतली आहे. सिद्धेश्वरांची यात्रा सुरू झाली की हे गाव वेगळंच होतं. रिक्षा हॉर्न वाजवायचं विसरतात. संक्रांतीचं ऊन मऊ पडतं, रस्त्यात पांढऱ्या बाराबंदीतली माणसं चालत असतात, आणि कालपर्यंत ज्याच्याशी आपण दरावरून हुज्जत घातली तोच माणूस कपाळाला भस्म लावून देवासारखा समोर येतो. या दिवसांत मी माळ्यावर बसले की मला जागेपणीच पेंग येते. खालचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. भोवती छतापर्यंत टॉवेलच्या थप्प्या, पांढऱ्या, गुलाबी, मोरपंखी, आणि मधे मी. ढगात नोकरी करतेय असं वाटतं.

त्या ढगात फोन टुणकला.

"आमचे लग्नाचे टॉवेल कुठवर आले? नावं विणून झाली का?"

नंबर निंगप्पांचा होता. अक्कलकोटच्या पलीकडचं गाव, कर्नाटकाच्या अगदी शिवेवर. महिन्यापूर्वी स्वतः दुकानात येऊन गेले होते. मुलीचं लग्न, वऱ्हाडातल्या पुरुषांना आहेराला टोपी आणि टॉवेल द्यायचा. टॉवेल पांढरा, काठ लाल, आणि काठात मुलीचं आणि जावयाचं नाव. अण्णांनी छापलेले नमुने दाखवले तर हात लावला नाही. "विनलेलंच पायजे," म्हणाले. "छापल्यालं चार पान्यात जातंय. नाव कसं, घट पायजे." मी वहीच्या पानावर दोन नावं मोठ्या अक्षरात काढून दिली. शिवानी – मल्लिनाथ. त्यांनी बोट ठेवून ती दोनदा वाचली, मान हलवली आणि गेले.

मी कारखान्यात फोन लावला. वाजून वाजून थांबला. एमआयडीसीतल्या त्या कारखान्यातून आम्हाला खबर देणारा माणूस एकच, प्रभु. तो तिथला सुपरवायझर. माल कुठल्या लूमवर चढला, किती उतरला, काय अडलं, हे सगळं त्याच्या डोक्यात. आणि गड्ड्याच्या दिवसांत प्रभु कुणाचाच नसतो. त्याच्या घराण्याकडे यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी धरायचा मान आहे. पहिली काठी निघाली की त्याचा फोन घरी ट्रंकेत जातो. कारखान्याचे मालक बेंगळूरला मुलाकडे गेले होते, त्यांनी उचलला नाही. गेटवरच्या वॉचमननं उचलला. "अर्धे लूम चालूच, अर्धे बंद. कौनसा किसका, मेरेकू क्या मालूम?" म्हणाला.

मी वरून ओरडले, "अण्णा, निंगप्पांना काय कळवू? प्रभु काठीखाली आहे."

"लूमवर आहे म्हणा की."

"मला माहीत नाही ते."

"मग पन्नास टक्के झालंय म्हणा. बरं दिसतं."

ते "बरं दिसतं" माझ्या डोक्यात गेलं. नुसतं लूमवर आहे म्हणाले असते तर कदाचित मी टाकून मोकळी झाले असते. पण पन्नास टक्के कशाचे? मी डोळे मिटले तर मला कारखाना दिसेना, लूम दिसेना, एक धागा दिसेना. मग मी जे माहीत होतं तेवढंच लिहिलं.

"नमस्कार. तुमच्या टॉवेलचं सूत रंगून कारखान्यात पोचलं, एवढं मला मागच्या आठवड्यात कळलं होतं. त्यानंतर कारखान्याकडून अजून काही कळलेलं नाही. यात्रेमुळे तिथले सुपरवायझर भेटत नाहीत. नावं विणली की नाही हे आज मला सांगता येत नाही. उद्या दुपारी बारापर्यंत परत चौकशी करून कळवते. काही कळलं नाही, तरी तसं कळवते. द्यायच्या तारखेला अजून अवकाश आहे."

उत्तर लगेच आलं. "थँक्यू. खरंच माहीत नाही ना?"

मला हसू आलं. इतक्या वर्षांत माहीत नसल्याबद्दल माझे कुणी आभार मानले नव्हते.

घटकाभरानं फोन वाजला. तोच नंबर, पण आवाज मुलीचा. हळू बोलत होती, मागे कुठेतरी गिरणी चालल्याचा आवाज होता.

"ताई, मी शिवानी. मघाशी मेसेज मीच केला होता. बाबांचा फोन आहे हा."

"बोल की."

"टॉवेलवर माझं नाव आहे." तिनं आवाज आणखी खाली आणला. "मला हे लग्न नकोय, ताई."

अशा वेळी काय बोलायचं हे मला कधीच सुचत नाही, आणि सुचतं तेव्हा ते कडक निघतं.

ती अक्कलकोटला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होती. साखरपुडा झाल्यापासून मल्लिनाथ रोज फोन करायचा. मारकुटा नव्हता, पिणारा नव्हता, हुंड्याचं नाव नव्हतं. "पण मी काही बोलायला लागले की फोन ठेवतो," ती म्हणाली. "भांडत नाही. नुसता ठेवतो. नोकरीचं बोलले, ठेवला. आजीला इकडे कोण बघेल म्हटलं, ठेवला. परत संध्याकाळी फोन, जेवलीस का म्हणून. मला सगळा जन्म असा जाणार दिसतोय."

"बाबांना सांगितलंस?"

"सांगितलं. बाबा म्हणाले, नावं विणायला दिलीत. विणली गेली असतील तर विषय संपला, मग आपल्या हातात नाही. नसतील विणली तर बघू. दोन दिवस तेवढंच धरून बसलेत." मग तिनं श्वास घेतला. "ताई, तुम्ही सांगाल ते बाबा खरं मानणार. तुम्ही जर..."

ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. मला ते ऐकू आलंच. "मला कळलं की सांगते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवला आणि लाज वाटली, कारण मीही ठेवलाच होता.

संध्याकाळी खुद्द निंगप्पांचा फोन. त्यांचा आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारल्यासारखा.

"अक्का, नमस्कार. ते टावेलचं काय झालं?"

"कारखान्याकडून अजून कळलेलं नाही, काका."

"झालं असंल की. म्हैना झाला."

"असेलही. नसेलही."

"मग झालं म्हना की!" ते जवळजवळ विनवत होते. "तुमी झालं म्हनला की माजं डोकं सुटतंय. हितं पोरगी तोंड बांदून बसलीय, तिकडं चनमल्लप्पा, आमचं होनारं याही, मल्लिनाथचं वडील, रोज इचारतंय तयारी कुटवर आली. एकदा नावं चढली म्हना, मी गप पुडं चालतो."

"जे मला माहीत नाही ते मी कसं म्हणू?"

"एवडं मोटं दुकान तुमचं, आन् माल कुटं हाय त्ये ठावं न्हाई व्हय?"

अण्णा जिन्यावर येऊन उभे होते. त्यांनी हात पुढे केला. त्यांच्या तोंडात ते वाक्य तयार दिसत होतं, पेढ्यासारखं. मी फोन छातीशी धरला आणि त्यांच्याकडे असं बघितलं की ते दोन पायऱ्या खाली उतरले.

"न्हाई ठावं, काका," मी म्हटलं. रागात माझ्याही तोंडात आईची बोली येते. "उद्या दुपारी सांगते. कळलं तर कळलं, नाही तर नाही."

त्यानंतर अण्णा आणि माझं जे झालं ते सगळ्या नवी पेठेनं ऐकलं. गिऱ्हाईक हातचं जाईल. जाऊ दे. आमच्या वडिलांनी कधी माहीत नाही म्हटलं नाही. म्हणून ते कायम गिऱ्हाईक दिसलं की मागच्या दारानं जायचे. हे मी बोलायला नको होतं, पण बोलले. अण्णा तांबडे झाले आणि मग त्यांना हसू आलं, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात न जाता प्रभुला शोधायला गेले. काठ्यांची मिरवणूक चालली होती. रस्ताभर रांगोळी, दोन्ही बाजूला माणसं, खिडक्यांतून, गच्च्यांवरून माणसं. हलग्या वाजत होत्या. सगळा रस्ता पांढरा झाला होता, आणि त्या पांढऱ्यातून घरांच्याही वर जाणाऱ्या त्या काठ्या डुलत येत होत्या. लहानपणापासून बघतेय, तरी दर वर्षी मला वाटतं की काठी माणसानं धरलेली नाही, काठीनंच माणसाला धरून चालवलंय.

प्रभु दिसला. कमरेला पट्टा, पट्ट्यात काठीचा बुंधा, मान वर, डोळे शेंड्याला लागलेले. घामानं भस्म वाहून गळ्यापर्यंत आलं होतं. मी गर्दीतून त्याच्या बाजूनं चालायला लागले.

"प्रभु! निंगप्पांचे टॉवेल! नावं विणली का?"

"एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" सगळा रस्ता गरजला. माझा प्रश्न त्यात वाहून गेला.

"अरे प्रभु! लाल काठाचे! शिवानी – मल्लिनाथ!"

त्यानं मला बघितलं असावं. ओठ हलले, बहुतेक देवाचंच नाव होतं. डोळे खाली आणायची त्याला मुभा नव्हती. डोळे खाली आले असते तर काठी खाली आली असती. त्या क्षणी मला त्याचा राग येईना. एका मुलीच्या आयुष्याची खबर डोक्यात घेऊन हा माणूस माझ्यापुढून चाललाय, आणि त्याला ठाऊकही नाही. काठीचे गोंडे उन्हात हलत होते, खारीक-खोबऱ्याचे हार हलत होते, आणि मी त्या लाटेबरोबर चालत राहिले. किती चालले कुणास ठाऊक. एका बाईनं माझ्या कपाळाला भस्म लावलं तेव्हा भानावर आले.

बाराला मी माळ्यावर होते. मेसेज लिहिला.

"नमस्कार. काल सांगितल्याप्रमाणे कळवते. सकाळी स्वतः चौकशीला गेले होते, पण अजून काही कळलेलं नाही. सुपरवायझर यात्रेतून मोकळे झाले की सगळ्यात आधी हेच विचारणार आहे. उद्या दुपारी परत कळवते."

खाली दोन निळ्या रेघा आल्या. मग फक्त, "बरं."

त्या "बरं"कडे मी खूप वेळ बघत बसले. ते तिनं लिहिलं होतं की निंगप्पांनी, कळायला मार्ग नव्हता. तिसऱ्या दिवशीही तसंच. मी लिहिलं, अजून कळलेलं नाही. उत्तर आलं, बरं. अण्णा म्हणाले, "असल्या निरोपांचं लोणचं घालायचंय का?" मी म्हटलं, घाला.

शोभेची दारू उडवून यात्रा सरली, त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रभुचा फोन आला. घसा पार बसलेला.

"ताई, काय म्हनत हुता तुमी त्या दिवशी? मला नुस्तं तोंड हाललेलं दिसलं."

"निंगप्पांचे टॉवेल."

"ते व्हय! ते झालं की. काठ्या निघायच्या आधीच लूमवरनं उतरलं. सगळंच्या सगळं. सांगायचंच ऱ्हायलं बघा. कापून शिवायचं तेवडं बाकी हाय. घेऊ का कापायला?"

म्हणजे पहिल्या दिवशी तिनं विचारलं तेव्हाच सगळं विणून झालेलं होतं. अण्णांचं पन्नास टक्के निम्मंच खोटं निघालं. "बघा!" ते खालून ओरडले. "मी म्हणत होतो त्याच्याही पुढं गेलंय! उगाच लोकांचा जीव टांगणीला लावला!" प्रभुला मी म्हटलं, कात्री लावू नकोस, थांब.

दुपार होती. दुकानात कुणी नव्हतं. फोन हातात घेऊन मी थप्पीला टेकले, आणि डोळे मिटले तर आता मला सगळं दिसायला लागलं. न कापलेलं थान, एकाला एक जोडलेले टॉवेल, लांबच लांब पांढरा रस्ता, आणि त्या रस्त्यावर थोड्या थोड्या अंतरानं लाल अक्षरात शिवानी – मल्लिनाथ, शिवानी – मल्लिनाथ. त्या रस्त्यावरून एक मुलगी चालत होती. दर नावापाशी थांबून काही बोलायला तोंड उघडायची आणि पुढे ढकलली जायची.

जागी झाले तेव्हा मानेला घाम होता. आणि माझ्या मनात स्वच्छ, तयार वाक्य होतं: "विणकाम अजून सुरू झालेलं नाही." बस, एवढंच लिहायचं. निंगप्पा म्हणतील, बघू. मुलगी सुटेल. प्रभुला मी गप्प बसवलं असतं. थान कुठल्या तरी कोपऱ्यात पडून राहिलं असतं. अण्णांच्या खोट्यानं दुकान चालतं, माझ्या खोट्यानं एक पोर वाचली असती. कुठलं बरं?

मी ते लिहिलंसुद्धा. लिहून बघितलं. आणि मला निंगप्पांचा तो आवाज आठवला, "झालं म्हना की." त्यांनाही माझ्याकडून हेच हवं होतं. त्यांच्या वतीनं मी ठरवावं. अण्णांसारखं बोलून ठरवावं किंवा शिवानीला हवं ते बोलून ठरवावं, पण मी ठरवावं, म्हणजे घरात कुणाला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. मला संताप आला. मी टॉवेलवाली आहे. मी का म्हणून?

पुसलं. परत लिहिलं.

"नमस्कार. आत्ताच कारखान्याकडून कळलं. तुमचे सगळे टॉवेल नावांसकट विणून झालेत. तुम्ही पहिल्यांदा विचारलं त्याच्या आधीच झाले होते, पण मला आज कळलं. कापणं आणि कडा शिवणं बाकी आहे, ते मी थांबवून ठेवलंय. काय करायचं ते तुम्ही सांगा, मग पुढे जाऊ."

निळ्या रेघा आल्या. त्या दिवशी "बरं"सुद्धा आलं नाही. मी घरी गेले, भाकरी केली, ती कुणी खाल्ली मला आठवत नाही. त्या पोरीला मी माझ्या हातानं ढकललं असंच मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निंगप्पांचा फोन आला. "आमी कारखान्याकडं येतोय. माल बघायचाय. तुमी या की, अक्का." आवाज खाली होता. त्यावरून काही कळेना.

एमआयडीसी त्यांच्या वाटेवरच आहे. मी पोचले तेव्हा ते गेटापाशी उभे होते, धोतर, पटका, आणि मागे शिवानी. बारीक, चष्मा लावलेली, हातात डब्याची पिशवी, बहुधा लॅबमधून सुट्टी काढून आलेली. तिनं माझ्याकडे बघून नमस्कार केला आणि खाली बघितलं. मी तिच्याशी काय बोलणार होते?

आत लूम चालू होते. त्या आवाजात कुणाला बोलता येत नाही, नुसतं चालता येतं. पोटात धडधड शिरते आणि मग आपलीच वाटायला लागते. हवेत सुताचा भुगा उडत होता, उन्हाच्या पट्ट्यात बर्फासारखा दिसत होता. प्रभुनं आम्हाला मागच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. आवाज एकदम लांब गेला. मोठ्या टेबलावर ते थान घडी घालून ठेवलं होतं.

निंगप्पांनी टोक धरलं आणि ओढलं. घड्या सुटत गेल्या, टेबलावरून खाली, फरशीवर. नाव, नाव, नाव. ते बोटानं चाचपत गेले. शिवानी भिंतीला टेकून उभी होती. तिचं नाव तिच्या पायापर्यंत आलं तेव्हा तिनं पाय मागे घेतले.

"लई चांगलं विनलंय," निंगप्पा प्रभुला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "अक्का, तुमी पैल्या दिवशीच झालं म्हनला असता ना, तर मी सुटलो असतो."

"मला माहीत नव्हतं, काका."

"त्येच म्हन्तो. तुमी न्हाई ठावं म्हनला. मला वाटलं, उद्या कळंल. दुसऱ्या दिशी बी न्हाई ठावं. मग रिकाम्या डोक्यानं काय करायचं? हिला म्हनलं, बस हितं, सांग काय म्हनतंय तुजं. ही सांगाय लागली. अर्द्यात मी उटून गेलो गोट्याकडं. जनावरं बघितली. परत आलो तर ही तितंच बसल्याली. तवा मला कळलं, मी काय केलो." त्यांनी पटका सारखा केला. "त्यो फोन ठिवतंय म्हून मी त्याला शिव्या दिल्त्या मनात. आन् मी उटून गेल्तो."

त्यांनी हातातलं थानाचं टोक टेबलावर ठेवलं.

"मग बसलो. समदं ऐकलो. काल तुमचा निरोप आला, झालंय म्हून. ही रडाय लागली, आता संपलं म्हून. मी म्हनलं, अव्वा, पोरी, तुजं ऐकून झाल्यावर आलाय निरोप. आता त्याचं काय चालतंय?"

शिवानीनं चष्मा काढला आणि ओढणीनं पुसत राहिली. माझेही डोळे भरले होते. मी ते सुताच्या भुग्यावर ढकललं आणि जोरात शिंकले.

"मग हे काय करायचं?" प्रभुनं घोगऱ्या आवाजात विचारलं. व्यवहाराचा माणूस.

"कापा की. शिवून धाडून द्या. घरात टावेल लागत्यातच." मग जरा विचार करून, "नावं काय चावनार हैत व्हय?"

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी काढून बघितला, आणि चेहरा उतरला. फोन त्यांनी माझ्यापुढे धरला. चनमल्लप्पांचा मेसेज होता. "पाव्हणं, तयारी कुठवर आली? काही कळवलं नाही."

"चार दिस झालं असंच इचारतंय," निंगप्पा म्हणाले. "मी म्हनतो, चालू हाय, चालू हाय. तुमीच लिवा की अक्का काय तरी. तुमाला असलं जमतंय."

मी फोन घेतला. क्षणभर मला वाटलं, लिहावं. चांगलं, मऊ, कुणाला न दुखवणारं, थोडा अवकाश मागणारं. मला खरंच जमतं. मग मी तो शिवानीच्या हातात दिला.

तिनं वडिलांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. ती तिथंच, फरशीवर सांडलेल्या त्या थानाच्या कडेला उकिडवी बसली आणि लिहायला लागली. लिहून झाल्यावर तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. लॅबचा रिपोर्ट वाचावा तसं, सपाट आवाजात.

"नमस्कार काका. मी शिवानी. लग्नाची तयारी थांबवली आहे. मला हे लग्न करायचं नाही, हे मी बाबांना सांगितलं आणि बाबांनी ऐकलं. तुम्हाला कळवायला चार दिवस उशीर झाला, त्याबद्दल माफ करा. बाबा उद्या स्वतः येऊन भेटतील."

निंगप्पांनी फोन मागून घेतला. चष्मा घरी राहिला होता, म्हणून लांब धरला. ओठ हलवत, एकेका शब्दावर थांबत त्यांनी ते सगळं वाचलं. "बाबांनी ऐकलं" याच्यावर त्यांचं बोट बराच वेळ राहिलं.

"पाठवू?" शिवानीनं विचारलं.

"नगं," ते म्हणाले. "कुटं दाबायचं तेवडं दाव. मी दाबतो."